नर्सिंगसाठी जर्मनी की जपान, आणि भाषेची नेमकी कुठली लेव्हल?

"मॅडम, मुलगी बारावी सायन्स झालीये, पेशंट-केअरचं काम शिकायला जर्मनी नाहीतर जपानला जायचं म्हणते. एक क्लासवाले म्हणतात ए२ पुरे, बाकीचं तिकडे जाऊन होतं. दुसरे म्हणतात बी२ शिवाय काही नाही. जपानीवाले म्हणतात एन४ केलं की झालं. मी नेमकी कुठल्या लेव्हलपर्यंत फी भरू? – एक आई"

ताई, आधी रूट ठरवा, लेव्हल त्याच्या मागून येते, कारण तिन्ही क्लासवाले वेगवेगळ्या रूटबद्दल बोलतायत आणि तुमच्या मुलीचा रूट कुठला हे कुणी विचारलेलंच दिसत नाहीये. लेव्हलची नावं म्हणाल तर जर्मन ए१, ए२, बी१, बी२ अशी वर चढते आणि जपानी एन५, एन४, एन३ अशी. बारावीनंतर जर्मनीत नर्सिंग शिकायचं म्हणजे आउसबिल्डुंग, तीन वर्षांचं, थोडी शाळा थोडं हॉस्पिटल, आणि शिकतानाच दरमहा पगार मिळतो. या व्हिसाला साधारण बी१ लागतं. शाळेने किंवा हॉस्पिटलने मुलीची भाषा स्वतः तपासली असेल तर सूट मिळू शकते, पण त्या भरवशावर प्लॅन करू नका. म्हणजे ए२ वर थांबायचं हा पर्याय तुमच्यासाठी नाहीच. ए२ ची गोष्ट बहुतेक आधीच नर्सिंगची डिग्री असलेल्यांच्या रेकग्निशनच्या, म्हणजे त्या डिग्रीला जर्मनीत मान्यता मिळवण्याच्या व्हिसावरून येते, तो रूटच वेगळा.

आता बी१ की बी२. माझं स्पष्ट मत, व्हिसासाठी बी१ आणि जायच्या आधी बी२. बऱ्याच नर्सिंग शाळा बी२ मागतातच, पण नाही मागितलं तरी करा, आणि का ते सांगते. ग्योएटे इन्स्टिट्यूट या जर्मन संस्थेच्या बी१ परीक्षेत लिहायला काय येतं तर मित्राला ८० शब्दांचा ईमेल, एखाद्या विषयावर तेवढ्याच शब्दांत मत, आणि शेवटी ४० शब्दांचा फॉर्मल ईमेल. आणि वॉर्डमध्ये पहिल्या काही महिन्यांतच तिला शिफ्ट संपताना पुढच्या नर्सला सांगायचं असतं की अमुक पेशंटने दुपारी किती पाणी प्यायलं, पाठीवरची जखम कशी दिसतेय, रात्री कशाकडे लक्ष ठेवायचं, आणि हे सगळं फाईलमध्ये लिहायचंही असतं. समोरचे म्हातारे आजोबा परीक्षेच्या ऑडिओसारखं स्वच्छ बोलत नाहीत, त्यांच्या गावच्या बोलीत पुटपुटतात. शिवाय शाळेत अॅनाटॉमी, औषधं, कायदा सगळं जर्मनमध्येच आणि शेवटी सरकारी परीक्षा लेखी, तोंडी, प्रात्यक्षिक अशी तिन्ही. बी१ वर गेलेली मुलं हुशार असूनही पहिल्या वर्षी वर्गात मागे पडतात ते याच्यामुळे.

सर्टिफिकेट आलं की नुसतं पास बघू नका, मार्क बघा. ग्योएटेची बी१ म्हणजे चार मॉड्यूल, वाचन, श्रवण, लेखन, बोलणं, प्रत्येकाला १०० पैकी ६० हवेत आणि ते वेगवेगळे देता येतात. समजा तिला वाचनात ८३, लेखनात ७५, श्रवणात ६३ आणि बोलण्यात ६४ मिळाले, तर कागदावर बी१ झालं, पण ही मुलगी वॉर्डमध्ये अडकणार हे मार्कच सांगतायत, मग बी२ च्या क्लासमध्ये ग्रामरपेक्षा ऐकण्या-बोलण्यावर वेळ घालवायचा. एखादं मॉड्यूल राहिलं तर फक्त तेवढंच परत देता येतं, सगळी परीक्षा नाही. आणि हो, क्लासने दिलेलं "बी१ कोर्स पूर्ण" चं सर्टिफिकेट इथे चालत नाही, ग्योएटे, टेल्क, ओएसडी अशा मान्य परीक्षेचंच लागतं. फी भरताना हा प्रश्न आधी विचारा, फीमध्ये परीक्षा आहे का आणि कुठली.

वेळेचा अंदाज द्यायचा तर ग्योएटेच्या हिशोबाने शून्यापासून बी१ ला ४५ मिनिटांचे ३५० ते ६५० तास लागतात आणि बी२ ला ६०० ते ८००. आठवड्याला १५ तास धरले तर बी१ साडेपाच ते दहा महिन्यांत, बी२ साधारण नऊ महिने ते वर्षात. तीन महिन्यांत बी१ करून देतो म्हणणाऱ्याला हे आकडे दाखवा. समजा ऑक्टोबरची बॅच धरायची आहे, तर व्हिसाला महिने जातात म्हणून साधारण मार्च-एप्रिलपर्यंत आउसबिल्डुंगचा करार हातात हवा, म्हणजे जानेवारीपर्यंत बी१, त्याच सर्टिफिकेटवर अर्ज सुरू करायचे आणि व्हिसाची वाट बघण्याच्या महिन्यांत बी२ पूर्ण करायचं. बी१ फार लवकर करून ठेवण्यातही अर्थ नाही, सर्टिफिकेटला एक्सपायरी नसली तरी व्हिसावाले बऱ्याचदा वर्षभरातलंच मागतात.

जपानचं गणित वेगळं आहे. तिथे हा रूट नर्सिंगचा नाही, काइगोचा, म्हणजे वृद्धांची काळजी घेण्याचा, आणि तो शिक्षण नसून सरळ नोकरी आहे. तोकुतेई गिनो म्हणजे ठरावीक कौशल्याच्या कामगारांचा व्हिसा, त्यातल्या पहिल्या प्रकारावर एकूण पाच वर्षं राहता येतं, कुटुंब नेता येत नाही. त्याला एन४ किंवा जेएफटी-बेसिक ही जपानीची दुसरी परीक्षा यापैकी एक लागतं, ही गोष्ट खरी, पण "झालं" नाही. काइगोच्या कामाची परीक्षा आणि काइगोच्या जपानीची परीक्षा अशा आणखी दोन द्याव्या लागतात. क्लासवाल्यांना विचारा की त्या दोन्हींची तयारी कोण करून घेणार.

एन४ मध्ये एक मोठी मोकळी जागा आहे. एन४ ही जेएलपीटी परीक्षेची लेव्हल, आणि जेएलपीटीत बोलणं नाहीच, लिहिणंही नाही, आणि १८० पैकी ९० ला पास. श्रवणात ६० पैकी १९ मिळाले आणि बाकीच्या भागात १२० पैकी ७१, तरी पास! म्हणजे जे ऐकलं त्यातलं दोन-तृतीयांश कळलं नसलं तरी एन४ हातात येऊ शकतं, आणि काम मात्र दिवसभर आजीबाईंचं ऐकून घेण्याचं. जेएफटीतही बोलणं नाही, पण ती कॉम्प्युटरवर असते, रिझल्ट त्याच दिवशी स्क्रीनवर दिसतो, वर्षातून बऱ्याच वेळा देता येते. जेएलपीटी जुलै आणि डिसेंबरमध्येच, चुकली की थांबा. घाई असेल तर जेएफटी, पण पुढे एन३ करायचं असेल तर एन४ च्या रांगेत राहिलेलं बरं, तीच शिडी पुढे जाते. आणि पुढे जायलाच हवं, कारण पाच वर्षांनंतर तिथे टिकायचा चांगला मार्ग म्हणजे काइगो फुकुशिशीची, म्हणजे प्रमाणित केअर-वर्करची राष्ट्रीय परीक्षा, तीन वर्षं काम आणि ठरावीक ट्रेनिंग झाल्यावर देता येते, ती पास झाली की व्हिसा वाढवत राहता येतो आणि कुटुंबही नेता येतं. ती परीक्षा जपानीत असते, एन४ च्या जपानीने झेपणारी नाही, एन३ च्याही पुढे जावं लागतं.

दोन्ही भाषा एकत्र सुरू करू नका. तिला नर्स व्हायचंय की लवकर कमवायला लागायचंय हे तिलाच विचारा. नर्स असेल तर जर्मन, आणि फी एका वेळी एकाच लेव्हलची भरा, ए१ ते बी२ चं पॅकेज एकदम नको. ए२ संपलं की ग्योएटेच्या साइटवर बी१ चा नमुना पेपर फुकट मिळतो, तो घड्याळ लावून सोडवून घ्या, बोलण्याचा भाग शिक्षकांसमोर, आणि चारही भागांचे मार्क मला कळवा, मग परीक्षेची तारीख ठरवू.