निफ्टीचा पुट स्प्रेड विकताना लॉट किती घ्यावेत?

प्रश्न : माझी एकूण गुंतवणूक २० लाख रुपये असून त्यातील १४ लाख निफ्टी इंडेक्स फंडात आहेत. एका व्यवहारात २ टक्क्यांहून अधिक गमवायचे नाही, असे मी ठरवले आहे. निफ्टीचा २४,००० चा पुट १४० रुपयांना विकून २३,८०० चा पुट ८५ रुपयांना घेण्याचा विचार आहे. प्रीमियम दुप्पट झाल्यावर स्टॉप-लॉस लावला तर ११ लॉट बसतात आणि मार्जिनही पुरते. हे योग्य आहे का?

उत्तर : ११ लॉट घेऊ नयेत; आपल्याच मर्यादेत राहायचे असेल तर ४ लॉट घेता येतील, आणि तेही एका अटीवर.

आपल्या हाती येणारा निव्वळ प्रीमियम ५५ रुपये आहे आणि दोन स्ट्राइकमधील अंतर २०० अंकांचे आहे. एक्स्पायरीला निफ्टी २३,८०० वर किंवा त्याखाली कितीही घसरला, तरी नुकसान २०० वजा ५५, म्हणजे १४५ अंकांवर थांबते. ६५ चा लॉट धरल्यास ही रक्कम ९,४२५ रुपये होते. दलाली, एसटीटी आणि इतर शुल्कांसाठी लॉटमागे अंदाजे २५० रुपये राखून ठेवले, तर ९,६७५ रुपये. आपली मर्यादा ४०,००० रुपयांची असल्याने भागाकार ४.१३ येतो आणि तो नेहमी खालच्या पूर्णांकावर आणायचा असतो.

आपला ११ चा आकडा स्टॉप-लॉसवर उभा आहे. स्प्रेड ११० रुपयांना परत घेता येईल आणि नुकसान ५५ अंकांचेच होईल, असे आपण गृहीत धरले आहे. परंतु बाजार बंद असताना स्टॉप-लॉस काम करत नाही. ७ एप्रिल २०२५ रोजी, सोमवारी, निफ्टी आधीच्या बंद भावापेक्षा सुमारे ५ टक्के खाली उघडला होता. अशा सकाळी २०० अंकांचा स्प्रेड पहिल्या भावातच ओलांडला जातो, खरेदी-विक्रीच्या भावांतील अंतर रुंदावते, आणि ११० रुपयांना बाहेर पडण्याची संधी वाटेत कुठेच मिळत नाही. ११ लॉटचे कमाल नुकसान १,०६,४२५ रुपये, म्हणजे २ नव्हे तर ५.३ टक्के आहे. स्टॉप-लॉस जरूर ठेवावा, मात्र लॉटची संख्या तो चालणारच नाही असे समजून काढावी. मार्जिन पुरते यावरून तर काहीच ठरत नाही; ती एक्स्चेंजने स्वतःच्या सुरक्षेसाठी मागितलेली रक्कम आहे, आपल्या सहनशक्तीचे माप नव्हे.

आता अट. निव्वळ प्रीमियम ५५ ऐवजी ५० मिळाला, तर खर्चासह लॉटमागे जोखीम बरोबर १०,००० रुपये होते आणि ४ लॉटमध्ये मर्यादा काठोकाठ भरते. म्हणून ५० च्या खाली भाव मिळत असेल तर ३ लॉटच घ्यावेत किंवा व्यवहार सोडून द्यावा. ऑर्डर लिमिटनेच टाकावी आणि खरेदीचा पाय आधी पूर्ण करावा. विकलेला पुट उघडा राहिला, तर वरचा सगळा हिशेब निरर्थक ठरतो. स्वस्त झालेला २३,८०० चा पुट मधेच विकून दोन पैसे वाचवण्याचा मोहही याच कारणाने टाळावा.

लॉटचा आकार प्रत्येक वेळी करारात पाहून घ्यावा. नोव्हेंबर २०२४ मध्ये निफ्टीचा लॉट २५ वरून ७५ झाला, तेव्हा जुन्या सवयीने तेवढेच लॉट घेणाऱ्याची जोखीम तिप्पट झाली. आज लॉट ७५ चा असता, तर आपल्याला ३ लॉटांवरच थांबावे लागले असते.

हा हिशेब निफ्टीसाठी आहे, कारण त्याची पूर्तता रोखीत होते. शेअरच्या ऑप्शनमध्ये भाव दोन स्ट्राइकच्या मधोमध थांबला, तर विकलेल्या पुटपोटी प्रत्यक्ष शेअर घ्यावे लागतात आणि त्यासाठी लागणारी रक्कम कमाल नुकसानाच्या कितीतरी पट असते.

खरा प्रश्न मला आपल्या मर्यादेच्या व्याख्येत दिसतो. निफ्टी ५ टक्के पडला, तर त्याच दिवशी आपल्या इंडेक्स फंडातून सुमारे ७०,००० रुपये कमी होतील. स्प्रेडचे ३८,७०० त्यात मिळवल्यास घट १,०८,७०० रुपयांची, म्हणजे ५.४ टक्क्यांची होते. दोन्ही एकाच दिशेवर अवलंबून असल्याने पडझडीत ती एकमेकांना सावरणार नाहीत. शिवाय असा स्प्रेड दर आठवड्याला विकायचा असेल, तर लागोपाठ चार वाईट आठवड्यांत ४ लॉटचे नुकसान दीड लाखाच्या वर जाते. आपण ४०,००० रुपये ही महिन्याची मर्यादा मानावी, असे मी सुचवेन. मग एका आठवड्याला १०,००० रुपये येतात आणि त्यात आजच्या भावाने एकच लॉट बसतो.