पीआयपी हातात पडलाय? आधी उद्दिष्टं वाचा

पीआयपी म्हणजे कामगिरी सुधारण्यासाठी कंपनीने दिलेला ठरावीक मुदतीचा लेखी प्लॅन. तो खरी संधी आहे की बाहेरचा रस्ता, हे मॅनेजरच्या गोड बोलण्यावरून ठरवू नका. कागदावरची उद्दिष्टं बघा.

समजा, 60 दिवसांच्या प्लॅनमध्ये लिहिलंय, ‘संवाद सुधारणे, जबाबदारी घेणे’. यात पास कधी झालात, हे कोण ठरवणार? त्याच दिवशी मॅनेजरला मेल करा: ‘दर शुक्रवारी प्रगतीचा अहवाल देणं आणि ग्राहकाच्या तक्रारीला 24 तासांत उत्तर देणं, एवढं झालं की हे उद्दिष्ट पूर्ण धरायचं का?’ ज्याला तुम्ही टिकायला हवे आहात, तो आकडे बदलेल, वाद घालेल, पण उत्तर देईल. ‘बघू पुढे’ म्हणणारा किंवा साप्ताहिक मीटिंग सारखी रद्द करणारा बहुधा तुम्हाला काढण्यासाठी फक्त फाइल तयार करतोय. उद्दिष्ट दुसऱ्या टीमच्या कामावर अडकलेलं असेल, तर तेही लेखी कळवा.

नवख्यांच्या नेहमीच्या चुका:

- रागात जागेवरच राजीनामा देणं. नोटीस आणि भरपाईबद्दल बोलायची जागा त्याने कमी होते.
- सही म्हणजे कबुली समजून घाबरणं. ‘फक्त मिळाल्याची पोच’ असं लिहून सही करता येते का, ते एचआरला विचारा. (एचआर कंपनीचं असतं, तुमचं नाही.)
- तोंडी कौतुकावर विसंबणं. मीटिंग संपली की दोन ओळींचा मेल टाका.

आणि उत्तर काहीही येवो, बायोडेटा आजच अपडेट करा. प्लॅन पास झालात तर नव्या ऑफरला नाही म्हणता येतं.