‘साठ टक्के’ ऐकू येतं, ‘पर्यंत’ का हरवतं?

प्रश्न: आमचं कपड्यांचं छोटं दुकान आहे. गाडीवरच्या स्पीकरवर लावायला ही जाहिरात रेकॉर्ड केली: “भव्य सेल! शर्ट, पँट, सूट यांवर ६०% पर्यंत सूट, अटी लागू. दि. १२ ते १५ पर्यंत. दुकान नं. ७, पहिला मजला, औषधाच्या दुकानाच्या वर, जुन्या बँकेच्या मागच्या गल्लीत, बस स्टँडसमोर. वेळ १० ते १.३० व ४ ते ८.३०. सोमवार बंद.” लोक येऊन सगळ्यावरच साठ टक्के मागतात, काही जण तर सात टक्के ऐकलं म्हणतात. ‘पर्यंत’ हा शब्द चुकीचा आहे का? दुसरा कुठला वापरू?

उत्तर:

शब्द चुकीचा नाही, त्याची जागा घात करतेय. ‘पर्यंत’ हे शब्दयोगी अव्यय, म्हणजे ते आधीच्या शब्दाला चिकटून येतं आणि नेहमी मागून येतं. कागदावर डोळा एका नजरेत ‘६०% पर्यंत’ अख्खं उचलतो, पण कानाला आधी ‘साठ टक्के’ मिळतं आणि ते ऐकलं की माणूस खूश होऊन पुढचं ऐकायचं थांबतो. त्यात तुम्ही ‘६०%’ लिहून जागा सोडून ‘पर्यंत’ लिहिलंय, त्यामुळे वाचणारा हमखास “साठ टक्के” म्हणून श्वास घेतो आणि मग “पर्यंत सूट” असं दुसऱ्याच वाक्यासारखं म्हणतो. बरोबर रूप ‘साठ टक्क्यांपर्यंत’, सगळं एका दमात. पण खरं सांगू का, एका दमात म्हटलं तरी गाडीच्या आवाजात ते शेपूट जाणारच.

म्हणून मर्यादा आकड्याच्या आधी आणा. मराठीत त्याला सरळ शब्द आहे: ‘जास्तीत जास्त साठ टक्के’. त्याहून चांगलं म्हणजे मर्यादा सांगूच नका, कशावर किती ते सांगा. तुमच्याकडे बहुतेक नव्या मालावर कमी आणि जुन्या स्टॉकवर साठ असणार (मी पुढे नव्यावर वीस धरलेत, तुमचा आकडा घाला). दोन वाक्यं झाली की ‘पर्यंत’ पण लागत नाही आणि ‘अटी लागू’ पण लागत नाही, कारण अट वाक्यातच आली. ‘अटी लागू’ तसंही ऐकणाऱ्याला काहीच सांगत नाही, कुठली अट ते त्याला कळतच नाही.

सात-साठचा घोटाळा खरा आहे, त्या लोकांचे कान वाईट नाहीत. दोन्हींत फरक फक्त शेवटच्या त आणि ठ चा, आणि शब्दाच्या शेवटचं व्यंजन स्पीकरवर सगळ्यात आधी पुसलं जातं. उपाय म्हणजे आकड्याला एक साक्षीदार द्यायचा: “साठ टक्के कमी, म्हणजे अर्ध्याहूनही कमी किमतीत.” आता कोणी सात ऐकलं तरी पुढच्या शब्दांनी दुरुस्त होतं. एकोणसाठ-एकोणसत्तर, बावन्न-ब्याण्णव अशा जोड्या असल्या तरी हेच करा. दुकान नंबर ७ मात्र काढूनच टाका, तो नंबर बघून कोणी येत नाही आणि साठच्या जाहिरातीत आणखी एक सात कशाला.

आणखी एक, तुमच्याकडे अंगात घालायचा सूटही आहे आणि किमतीतली सूटही. “सूट यांवर साठ टक्के पर्यंत सूट” हे वाचताना कळतं, ऐकताना डोकं गरगरतं. ‘साठ टक्के कमी’ म्हणा, घरात आपण तसंच बोलतो.

तारखेत ‘१२ ते १५ पर्यंत’ ही मात्र चूकच आहे. एकतर ‘१२ ते १५’ किंवा ‘१२ पासून १५ पर्यंत’, ‘ते’ आणि ‘पर्यंत’ एकाच कामाचे दोघे झाले. पण इथेही तीच अडचण, शिवाय ‘पंधरापर्यंत’ मध्ये पंधरा तारीख धरायची की नाही हे कोणी ना कोणी विचारतंच. वार सांगा आणि संपायचा क्षण सांगा, तारीख कॅलेंडर बघून कळते पण वार डोक्यात असतो. समजा १२ ला गुरुवार आहे, तर “गुरुवारी सुरू, रविवारी रात्री संपणार”. आणि ऑफर गुरुवार ते रविवार असेल तर ‘सोमवार बंद’ या जाहिरातीत नकोच, त्या चार दिवसांत सोमवार येतच नाही. एरवी सांगायचं असेल तेव्हा ‘दर सोमवारी बंद’ म्हणा.

पत्त्यात मला सगळ्यात जास्त रस आहे, कारण समोर, मागे, वर, शेजारी हे पण मागून येणारेच. “औषधाच्या दुकानाच्या वर, जुन्या बँकेच्या मागच्या गल्लीत, बस स्टँडसमोर” हा पाकिटावरचा क्रम, लहानाकडून मोठ्याकडे. ऐकणाऱ्याला कुठलं औषधाचं दुकान तेच माहीत नाही, आणि ते कळायला त्याला शेवटच्या शब्दापर्यंत सगळं लक्षात धरून ठेवावं लागतं. चालणाऱ्याच्या क्रमाने सांगा, आधी सगळ्यांना माहीत असलेली जागा, मग एका वाक्यात एकच वळण. ‘अलीकडे’ ‘पलीकडे’ कधीच नको, तो कुठल्या बाजूने येतोय हे तुम्हाला माहीत नाही.

वेळेत ‘१.३०’ असं लिहिलं की कोणी ‘एक तीस’ वाचतो कोणी ‘एक पॉइंट तीस’. स्क्रिप्टमध्ये आकडे अक्षरात लिहा, ‘दुपारी दीड’, ‘साडेआठ’. सकाळी, दुपारी, रात्री हे शब्द मात्र आकड्याच्या आधीच येतात, त्यामुळे ते कानाला छान लागतात, त्यांना काढू नका. मी असं लिहीन (आधी दुकानाचं नाव, शेवटी पुन्हा नाव):

“शर्ट, पँट, सूट. नव्या मालावर वीस टक्के कमी. जुन्या स्टॉकवर साठ टक्के कमी, म्हणजे अर्ध्याहूनही कमी किमतीत. फक्त चार दिवस. गुरुवारी सुरू, रविवारी रात्री संपणार. यायचं कसं? बस स्टँडवर या. समोर जुनी बँक. बँकेच्या मागे गल्ली. गल्लीत औषधाचं दुकान, त्याच्या वर पहिल्या मजल्यावर आम्ही. सकाळी दहाला दुकान उघडतं, दुपारी दीडला बंद. दुपारी चारला पुन्हा उघडतं, रात्री साडेआठपर्यंत चालू.”

शेवटी एक ‘पर्यंत’ मुद्दाम ठेवलाय, तिथे तो गळला तरी “रात्री साडेआठ” एवढ्याने काम भागतं. गाडी हळू पुढे सरकत असेल तर एका घराला अर्धीच जाहिरात ऐकू येते, म्हणून “बस स्टँडसमोर, जुन्या बँकेच्या मागे” एवढं शेवटच्या नावाबरोबर परत म्हणा.

रेकॉर्ड करायच्या आधी हे करून बघा: ज्याने कागद पाहिलेला नाही अशा कोणाला तरी दुसऱ्या खोलीत बसवा, पंखा चालू ठेवा, एकदाच वाचा आणि विचारा, नव्या मालावर किती, कधी संपणार, औषधाच्या दुकानाशी पोचल्यावर काय करायचं. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर ‘वर जायचं’ असं आलं नाही तर ‘वर’ नंतर जरा थांबून ‘पहिल्या मजल्यावर’ हे शब्द सावकाश म्हणा.