मिनिमम ड्यू वेळेवर भरूनही क्रेडिट कार्डाचं कर्ज का फिटत नाही?

प्रश्न: माझ्या कार्डावर साधारण एक लाखाची थकबाकी आहे. दीड वर्ष झालं, दर महिन्याला न चुकता मिनिमम ड्यू भरतोय. पेट्रोल आणि थोडा किराणा त्याच कार्डावर असतो. रक्कम एक लाखाच्या खाली जायचं नावच घेत नाही. बँक काही गडबड करतेय का?

उत्तर: बँकेने गडबड केलेली असण्याची शक्यता फार कमी आहे. मी अकाउंटंट आहे. कराच्या कामासाठी येणारे लोक त्यांची कार्ड स्टेटमेंटही घेऊन येतात आणि त्यांतली बरीचशी तुमच्यासारखीच असतात. हिशोब बरोबर असतो. तो कसा मांडलाय हे कोणी समजावून सांगितलेलं नसतं.

तुमच्या एक लाखाचंच एका महिन्याचं गणित करू. आपल्याकडे बहुतेक कार्डांचं व्याज महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास असतं, म्हणजे वर्षाला ४२ टक्के. एक लाखावर महिन्याचं व्याज झालं ३,५०० रुपये. त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे आणखी ६३०. मिनिमम ड्यू काढायची रीत बँकेगणिक थोडी वेगळी असते. व्याज धरून होणाऱ्या थकबाकीच्या ५ टक्के आणि वर जीएसटी पूर्ण, अशी रीत धरली तर तुमचा मिनिमम येतो ५,८०५ रुपये. त्यातले ४,१३० व्याजात आणि करात गेले. मुद्दलातून कमी झाले फक्त १,६७५.

आता पेट्रोल आणि किराणा आठवा. महिन्याला दोन हजार रुपये जरी त्या कार्डावर खर्च झाले, तरी फेडलेल्या १,६७५ पेक्षा जास्त पैसे पुन्हा कार्डावर चढले. जवळपास सहा हजार भरून महिन्याअखेर थकबाकी उलट वाढली. तुमचा आकडा लाखाला चिकटून बसलाय तो यामुळेच.

शिवाय त्या पेट्रोलवरही पहिल्या दिवसापासून व्याज लागतंय. ४५-५० दिवस बिनव्याजी मिळतात ही गोष्ट खरी आहे, पण मागचं बिल पूर्ण भरलेलं असेल तरच. मागच्या बिलातली थोडी जरी रक्कम बाकी राहिली, की ती सवलत बंद होते आणि नव्या खरेदीवर खरेदीच्या तारखेपासून व्याज सुरू होतं. पहिल्यांदाच मिनिमम भरणाऱ्याला हा दणका कसा बसतो ते सांगतो. समजा कोणी १० ऑगस्टला ४०,००० चा फ्रीज घेतला, ५ सप्टेंबरला बिल आलं आणि शेवटच्या तारखेला, २५ सप्टेंबरला, त्याने २,००० भरले. त्याला वाटतं, उरलेल्या ३८,००० वर २५ सप्टेंबरनंतर व्याज लागेल. प्रत्यक्षात बऱ्याच कार्डांवर ते १० ऑगस्टपासून धरलं जातं. ५ ऑक्टोबरच्या बिलापर्यंत ५६ दिवस होतात. व्याज सुमारे २,४५० आणि जीएसटी ४४०. दोन हजार भरूनही नवं बिल ४०,८९० च्या घरात, म्हणजे फ्रीजच्या किमतीपेक्षा जास्त.

समजा तुम्ही कार्ड वापरणं आजच थांबवलं, पण मिनिममच भरत राहिलात. तरीही वर्षानुवर्षं लागतील. याचं कारण मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं: मिनिमम हा थकबाकीचा टक्का असतो, ठरलेला हप्ता नसतो. थकबाकी जरा उतरली की पुढचा मिनिममही उतरतो, आणि मुद्दलात जाणारा वाटाही. पहिल्या महिन्यात १,६७५ फिटले, थकबाकी निम्मी झाल्यावर महिन्याला जेमतेम ८४० फिटतील. वरच्याच रीतीने पुढे गेलात तर वर्षभरात सुमारे ६३,६०० रुपये भरूनही ८१,६५० बाकी राहतात. थकबाकी निम्म्यावर यायला ४१ महिने लागतात आणि तोवर तुमच्या खिशातून १ लाख ७३ हजार गेलेले असतात. दहा हजारांवर यायला अकरा वर्षांहून जास्त.

आता यात एकच बदल करा. पहिल्या महिन्याचा ५,८०५ हा आकडा धरून ठेवा. पुढच्या बिलात मिनिमम कमी दिसला तरी तेवढेच भरा. कार्डावर नवा खर्च नाही. एवढ्याने सगळं कर्ज ३१ महिन्यांत संपतं. मिनिममच्या मागे उतरत गेलेल्या माणसाचे त्याच ३१व्या महिन्यात ५९,००० बाकी असतात. सुरुवात दोघांनी सारख्याच रकमेने केलेली असते. महिन्याला दहा हजार जमत असतील तर चौदाव्या महिन्यात मोकळे व्हाल.

हे इतकी वर्षं लक्षात येत नाही, कारण मिनिमम भरणाऱ्याला कोणी टोकत नाही. लेट फी लागत नाही, वसुलीचे फोन येत नाहीत, सिबिलला थकीत अशी नोंद जात नाही. सगळं सुरळीत चाललंय असंच वाटतं. रिझर्व्ह बँकेच्या निर्देशांनुसार प्रत्येक स्टेटमेंटवर इशारा छापावा लागतो, की फक्त मिनिमम भरलं तर परतफेड महिनोन्‌महिने, वर्षानुवर्षं लांबेल. मिनिमम भरत राहूनही कर्ज फुगत जाईल अशी रचना बँकेने ठेवू नये, असंही त्यात आहे. म्हणून तर कर्ज अगदी सावकाश का होईना, उतरतं. पण उतरायला किती वर्षं लागावीत याला मर्यादा नाही. व्याजदरावरही नाही. वर्षाला ३० टक्क्यांच्या वर व्याज नको, असा राष्ट्रीय ग्राहक आयोगाचा २००८ चा आदेश होता. तो सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२४ मध्ये रद्द केला.

तुमच्या जागी मी असतो तर आधी पेट्रोल-किराणा यूपीआयवर किंवा रोखीत नेला असता आणि मग हे कर्ज कार्डावरून उचलून दुसरीकडे ठेवलं असतं. पगारदार असाल आणि सिबिल बरं असेल तर पर्सनल लोनसाठी विचारा. १८ टक्के दर धरला, जो फार स्वस्त नाही, तरी एक लाखाचा दोन वर्षांचा हप्ता सुमारे ४,९९० बसतो. तुम्ही आज भरताय त्या मिनिममपेक्षाही हा कमी आहे आणि चोविसाव्या महिन्यात विषय संपतो. कार्डाच्याच बँकेकडून थकबाकीचे ईएमआय करून घेता येतात, फक्त तिथे व्याजावर जीएसटी लागतो, जो पर्सनल लोनच्या व्याजावर लागत नाही. प्रोसेसिंग फी दोन्हीकडे विचारून घ्या. लोन घेतल्यावर कार्ड रिकामं दिसतं आणि हात शिवशिवतात. लोन आणि कार्ड दोन्हींचं कर्ज डोक्यावर घेऊन बसलेले लोक मी पाहिलेत, म्हणून त्याच दिवशी ॲपमधून कार्डाची लिमिट कमी करून घ्या.

आणखी एक गोष्ट आजच तपासा. तुमचं पेमेंट ऑटो-डेबिटने जात असेल, तर कार्ड घेताना फॉर्मवर ‘टोटल अमाउंट ड्यू’ की ‘मिनिमम अमाउंट ड्यू’ असा पर्याय निवडलेला असतो. कार्ड विकायला आलेल्या मुलाने मिनिममवर खूण केली होती आणि ग्राहकाला त्याचा पत्ताच नव्हता, अशी स्टेटमेंटही माझ्याकडे आलेली आहेत. ॲपमध्ये किंवा नेटबँकिंगमध्ये हा पर्याय दिसतो आणि तिथूनच बदलता येतो.