फॉरेक्सच्या पावतीत न लिहिलेली रक्कम कशी काढावी

प्रश्न: मास्टर्ससाठी हिवाळी सत्रात जर्मनीला निघालो आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये वडिलांच्या पुण्यातील बँकखात्यातून, कर्ज न काढता, व्हिसासाठी लागणाऱ्या माझ्या ब्लॉक्ड अकाउंटला ११,९०४ युरो पाठवले. पावतीवर दर १०३.४०, रेमिटन्स शुल्क १,०००, परदेशी बँक शुल्क १,५००, जीएसटी १,४८१.५६ आणि टीसीएस ११,५४३.६८ असे लिहिले आहे, एकूण १२,४६,३९८.८४ रुपये गेले. बँकेत म्हणतात, कमिशन फक्त हजार रुपये. खरोखर किती घेतले हे कसे ओळखायचे?

उत्तर: बँकेने सांगितले ते खोटे नाही, पण पुरेही नाही. हजार रुपये हे पावतीवर ‘शुल्क’ या नावाने छापलेले कमिशन आहे. बँकेची मोठी कमाई दराच्या आकड्यात मिसळलेली असते आणि तिच्यासाठी पावतीवर वेगळी ओळ नसते. म्हणून पावती वरून खाली न वाचता आधी कर बाजूला काढावेत, मग शुल्क, आणि शेवटी दरातला फरक बाहेरच्या आकड्याशी ताडून पाहावा.

पहिली बेरीज अशी. ११,९०४ ला १०३.४० ने गुणले की १२,३०,८७३.६० रुपये येतात. त्यात दोन्ही शुल्कांचे २,५००, जीएसटीचे १,४८१.५६ आणि टीसीएसचे ११,५४३.६८ मिळवले की बरोबर १२,४६,३९८.८४ होतात. म्हणजे पावतीबाहेर काही कापलेले नाही. ही बेरीज जुळली नाही, तर पुढे जाण्याआधी बँकेकडून त्या फरकाची लेखी फोड मागावी, कारण एखादी ओळ पावतीवर न येता थेट खात्याला नावे पडलेली असू शकते.

आता टीसीएस. तो बँकेचा नाही आणि तुमचा खर्चही नाही. वडिलांच्या पॅनवर आगाऊ जमा झालेला आयकर आहे. १ एप्रिल २०२५ पासून एका आर्थिक वर्षात एका पॅनवरून उदारीकृत प्रेषण योजनेखाली पाठवलेल्या पहिल्या १० लाख रुपयांवर तो लागत नाही, आणि त्या वर्षी शिक्षणासाठी स्वतःच्या पैशातून पाठवलेल्या वरच्या रकमेवर दर ५ टक्के होता. तुमच्या बाबतीत वरची रक्कम २,३०,८७३.६० असून तिचे ५ टक्के ११,५४३.६८ होतात, म्हणजे आकडा अचूक आहे. मात्र हेतूची नोंद ‘शिक्षण’ अशीच झाली आहे ना, हे पैसे पाठवताना भरलेल्या ए-२ फॉर्मच्या प्रतीवर पाहून ठेवा, कारण हेतू ‘इतर’ पडला असता तर २० टक्क्यांनी ४६,१७४.७२ रुपये कापले गेले असते. प्राप्तिकर खात्याच्या जून २०२३ च्या परिपत्रकात शिक्षणाच्या हेतूमध्ये शिकण्यासाठी लागणारा रोजचा खर्चही धरलेला आहे. ब्लॉक्ड अकाउंट म्हणजे फी नव्हे, असे सांगून काउंटरवर कोणी अडवले तर हा मुद्दा उपयोगी पडतो. ही रक्कम वडिलांच्या फॉर्म २६एएसमध्ये दिसली पाहिजे, आणि विवरणपत्र तेच भरतील तेव्हा ती वळती होईल किंवा परत मिळेल. तुमच्या विवरणपत्रात ती घेता येणार नाही. हे दर अर्थसंकल्पात बदलत असतात, म्हणून पावती तपासताना तिच्या तारखेला लागू असलेलाच नियम लावावा.

जीएसटीच्या ओळीत मात्र बहुतेकांचा गोंधळ होतो, कारण त्या एका आकड्यात दोन वेगळे कर एकत्र असतात. पहिला साधा आहे: शुल्कांच्या २,५०० रुपयांवर १८ टक्के, म्हणजे ४५० रुपये. उरलेले १,०३१.५६ हे चलन बदलून दिल्याच्या सेवेवरचे. त्यासाठी कायद्याने सेवेचे एक मानीव मूल्य ठरवले आहे: १ लाखापर्यंतच्या व्यवहारावर १ टक्का, पण किमान २५० रुपये, त्यापुढे १० लाखांपर्यंत १,००० रुपये अधिक १ लाखावरील रकमेच्या अर्धा टक्का, १० लाखांच्या वर ५,५०० रुपये अधिक वरच्या रकमेच्या ०.१ टक्का, आणि कमाल ६०,००० रुपये. या मूल्यावर १८ टक्के लागतात, संपूर्ण रकमेवर नव्हे. तुमच्या रकमेचे गणित असे:

```
5,500 + 0.1% × 2,30,873.60 = 5,730.87
5,730.87 × 18%             = 1,031.56
```

महाराष्ट्रातल्या शाखेच्या पावतीवर हाच कर केंद्राचा ९ आणि राज्याचा ९ टक्के अशा दोन समान ओळींत फोडलेला दिसतो. तेव्हा ‘जीएसटी दोनदा लावला’ म्हणून भांडू नये. (मी स्वतः भांडलो होतो, आणि काउंटरवरच्या बाईंनी फार शांतपणे दोन्ही ओळींची बेरीज करून दाखवली होती.)

हा कर मोजण्याची दुसरी पद्धतही कायद्यात आहे. तिच्यात बँकेचा दर आणि त्या दिवसाचा संदर्भ दर यांतील फरकाला चलनाच्या एककांनी गुणून जे येते तेच सेवेचे मूल्य धरतात. एखाद्या पावतीवर जीएसटी वरच्या टप्प्यांशी जुळत नसेल, तर तो चुकीचा ठरवण्याआधी ही शक्यता तपासावी. या पद्धतीचा एक फायदा असा की कराच्या आकड्याला ०.१८ ने भागले की दरातली कमाई बँकेने स्वतःच लिहून दिल्यासारखी समोर येते. तुमच्या बँकेने टप्प्यांची पद्धत घेतलेली असल्यामुळे हा मार्ग बंद आहे, आणि फरक बाहेरून काढावा लागतो.

त्यासाठी आधार लागतो तो संदर्भ दराचा. जुलै २०१८ पासून डॉलर, युरो, पौंड आणि येन यांचा रुपयाशी संदर्भ दर एफबीआयएल ही संस्था कामाच्या दिवशी दुपारी जाहीर करते, आणि जुने दर fbil.org.in वर पाहता येतात. तुम्ही तारीख दिलेली नाही, म्हणून मी उदाहरणादाखल १०१.६० धरतो, तुमच्या तारखेचा दर घालून हेच गणित पुन्हा करा.

```
103.40 − 101.60 = 1.80
1.80 × 11,904   = 21,427.20
1.80 ÷ 101.60   = 1.77%
```

म्हणजे दरातला फरक २१,४२७.२०, छापील शुल्क २,५०० आणि जीएसटी १,४८१.५६ मिळून तुमचा खरा खर्च २५,४०८.७६ रुपये झाला, मूळ किमतीच्या सुमारे २.१ टक्के. ज्या हजार रुपयांना बँक कमिशन म्हणते ते या खर्चातल्या शंभरामागे चार रुपयेसुद्धा नाहीत.

या आकड्याला एक मर्यादा आहे आणि ती सांगितल्याशिवाय तो बँकेपुढे ठेवू नये. संदर्भ दर दुपारचा असतो. तुमचा सौदा सकाळी झाला असेल आणि मधल्या काळात युरो तीस-चाळीस पैसे हलला असेल, तर तेवढा फरक बँकेच्या खिशात गेलेला नाही. म्हणून पुढच्या वेळी दर पक्का करताना त्याच मिनिटाचा बाजारातला मधला दर मोबाइलवर पाहून वेळेसकट त्याचे चित्र जपून ठेवा. आताच्या पावतीसाठी आदल्या आणि पुढच्या दिवसाचे संदर्भ दरही पाहा. तिन्ही दिवस फरक दीड-दोन रुपयांच्या आसपास येत असेल, तर तो बाजाराच्या चढउताराचा नसून बँकेचाच आहे असे समजायला हरकत नाही.

यानंतरची तपासणी मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते. बँक रोज सकाळी आपले दरपत्रक, म्हणजे कार्ड रेट, काढते आणि त्यात एकाच युरोसाठी विक्रीचे निरनिराळे रकाने असतात: तारेने पाठवायचा टीटी सेलिंग, रोख नोटांचा, प्रवासी कार्डाचा. नोटा आणणे, सांभाळणे आणि त्यांचा विमा यांचा खर्च असल्यामुळे नोटांचा दर नेहमी महाग असतो. तुमचे पैसे खात्यातून खात्यात गेले, तेव्हा दर टीटी सेलिंगचाच हवा. त्या तारखेचे पत्रक बँकेच्या संकेतस्थळावर नसेल तर शाखेत मागा. १०३.४० हा आकडा नोटांच्या रकान्यात सापडला, तर ती सरळ चूक आहे आणि दोन रकान्यांतला फरक परत मागता येतो. तो टीटीच्याच रकान्यात असेल, तर बँकेने आपल्या जाहीर दराने विकले एवढेच सिद्ध होते. दर महाग असणे हा तक्रारीचा विषय होत नाही, कारण रिझर्व्ह बँकेचा लोकपालही बँकेच्या व्यावसायिक निर्णयात पडत नाही. गणिताची चूक, चुकीचा रकाना, चुकीचा हेतू किंवा पावतीबाहेरची कपात असेल तर आधी बँकेकडे लेखी तक्रार करावी, आणि ३० दिवसांत उत्तर आले नाही किंवा ते समाधानकारक नसेल तर लोकपालाकडे cms.rbi.org.in वर.

राहिले परदेशी बँक शुल्काचे दीड हजार. हे घेतले म्हणजे वाटेतल्या बँकांचा खर्च तुम्ही आधीच भरला, आणि पलीकडे पूर्ण ११,९०४ युरो पोचले पाहिजेत. माझ्या वेळी हे शुल्क घेऊनही २० युरो कमी पोचले होते, आणि ते पुन्हा भरेपर्यंत ब्लॉक्ड अकाउंटचे पुष्टिपत्र अडले. व्हिसाची मुलाखत तोंडावर असताना त्या वीस युरोंसाठी वेगळा व्यवहार आणि वेगळे शुल्क भरावे लागले. शाखेकडून स्विफ्ट प्रत, म्हणजे बँकेने पलीकडच्या बँकेला पाठवलेल्या संदेशाची प्रत, मागा आणि तिच्यात 71A या रकान्यात काय आहे ते पाहा. OUR असेल तर खर्च पाठवणाऱ्याचा. SHA असेल तर वाटणीचा, म्हणजे तुमच्याकडून शुल्क घेऊनही सूचना तशी दिली गेलेली नाही, आणि ते १,५०० व त्यावरचे २७० परत मागण्याचा तुम्हाला अधिकार आहे. नव्या नमुन्यातल्या प्रतीत हेच DEBT आणि SHAR असे दिसते.

सत्राची फी किंवा पुढच्या वर्षाची रक्कम पाठवताना दर आणि कमिशन वेगवेगळे विचारत बसू नका. दोन-तीन ठिकाणी एकाच तासात, ‘पलीकडे अमुक इतके युरो पूर्ण पोचवायला टीसीएस सोडून एकूण किती रुपये?’ एवढेच विचारा आणि उत्तर मेलवर घ्या. मोठ्या रकमेसाठी शाखा आपल्या ट्रेझरीकडून कार्ड रेटपेक्षा चांगला दर आणून देऊ शकते, पण तो आपणहून कोणी देत नाही. तुमच्या रकमेवर दर युरोमागे एक रुपया कमी झाला असता, तर ११,९०४ रुपये वाचले असते.