दाढ उगवली तीच खडूसारखी

"डॉक्टर, माझी मुलगी सात वर्षांची आहे. सहा महिन्यांपूर्वी मागे नवी दाढ आली, ती येतानाच पिवळट, खडूसारखी. आता तिचा कोपरा उडालाय. गार पाणी लागलं की रडते, त्या बाजूला ब्रश लावू देत नाही. आम्ही चॉकलेटं फार देत नाही, मग कीड कशी लागली? सासूबाई म्हणतात, दुधाची दाढ आहे, पडून जाईल. लहानपणी अँटिबायोटिक खूप झाली, म्हणून झालं का? धाकटा चार वर्षांचा आहे, त्यालाही होईल का?"

ती दाढ पडणार नाही. मुलीला आ करायला सांगा आणि समोरच्या मधल्या रेषेपासून मागे दात मोजा. सहावा निघाला तर ती पहिली कायमची दाढ. ती दुधाच्या शेवटच्या दाढेच्या मागे, मोकळ्या हिरडीतून येते. आधी काही हलत नाही, काही पडत नाही, म्हणून बहुतेक घरांत ती दुधाचीच समजली जाते.

तुम्ही लिहिलंय त्यावरून सुरुवात किडीने झालेली दिसत नाही. कीड आधी दाढेवरच्या खाचांत, दोन दातांच्या फटीत किंवा हिरडीलगत धरते, आणि त्याला वेळ लागतो. इथे दाढ उगवतानाच डाग घेऊन आली. हा डाग पांढरा, सायीच्या रंगाचा किंवा पिवळा-तपकिरी असतो, त्याची कड नकाशातल्या सीमेसारखी स्पष्ट असते, आणि तो बऱ्याचदा दाढेच्या उंचवट्यांवर असतो, जिथे कीड सहसा सुरू होत नाही. चारही दाढा सारख्या खराब नसतात; एक वाईट, दुसरी थोडी, तिसरी चांगली असं चित्र दिसतं. समोरच्या एखाद्या कायमच्या दातावरही असाच ठिपका सापडतो. याला मोलर इन्सायझर हायपोमिनरलायझेशन म्हणतात, दवाखान्यात सगळे एमआयएच म्हणतात. हे नाव २००१ साली रूढ झालं, पण अशा दाढा त्याआधीही होत्याच. यवतमाळ, चंद्रपूरकडचे पालक फ्लोराइडच्या पाण्याबद्दल विचारतात. फ्लोरोसिसचे डाग पुसट कडांचे, आडव्या रेघांसारखे आणि दोन्ही बाजूंच्या दातांवर सारखे असतात.

दाताचं वरचं कवच, म्हणजे इनॅमल, दोन टप्प्यांत तयार होतं. आधी प्रथिनांचा साचा बनतो. मग त्यातलं प्रथिन निघून जातं आणि त्या जागी खनिज भरत जातं. पहिल्या कायमच्या दाढेचं हे काम जन्माच्या सुमारास सुरू होऊन साधारण तिसऱ्या वर्षापर्यंत चालतं. या काळात खनिज भरणाऱ्या पेशींना धक्का बसला, तर इनॅमलची जाडी पुरेशी होते, पण आत प्रथिन उरतं आणि खनिज कमी पडतं. नीट न भाजलेल्या विटेसारखं ते असतं: आकार पूर्ण, आतून सच्छिद्र. गार पाणी त्या छिद्रांतून खालपर्यंत पोचतं, म्हणून कळ येते. चावण्याचा जोर पडला की कोपरा उडतो. पिवळा-तपकिरी डाग पांढऱ्यापेक्षा जास्त सच्छिद्र, आणि तोच आधी तुटतो.

धक्का कशाचा, याचं एकच उत्तर नाही. जन्माच्या वेळचा त्रास, पहिल्या तीन वर्षांतले वारंवारचे ताप आणि छातीचे आजार, काही प्रमाणात आनुवंशिकता, या सगळ्यांशी संबंध आढळतो. अँटिबायोटिकशीही आढळतो, पण ती ज्या आजारासाठी दिली तो आजार आणि ते औषध यांचा परिणाम वेगळा काढता येत नाही. तेव्हा त्यासाठी स्वतःला बोल लावू नका. आता कॅल्शियमच्या गोळ्या देऊनही ही दाढ भरून येणार नाही. इनॅमल बनवणाऱ्या पेशी दाढ बाहेर येण्याआधीच संपलेल्या असतात. जे करायचं ते बाहेरूनच.

तुमच्या मुलीसारखंच एक उदाहरण सविस्तर सांगतो. साडेसात वर्षांची मुलगी, वजन २१ किलो. खालची उजवी दाढ पिवळी-तपकिरी, तिचा गालाकडचा कोपरा उडालेला. खालच्या डावीवर सायीच्या रंगाचा डाग, पण पृष्ठभाग अखंड. वरच्या दोन्ही ठीक. उजव्या दाढेत दुसऱ्या दवाखान्यात दाताच्या रंगाचं रेझिनचं सिमेंट भरलं होतं, ते तीन महिन्यांत कडेने निघालं. ही तक्रार आम्ही फार ऐकतो. भरणाऱ्याचा हात वाईट होता असं नाही. त्या सिमेंटची पकड चांगल्या इनॅमलवर बसते. इथे कड सच्छिद्र भागावर आली आणि सिमेंटऐवजी त्याखालचं इनॅमलच तुटत गेलं. स्वीडनमधल्या २००२ च्या एका अभ्यासात, नऊ वर्षांच्या अशा मुलांच्या पहिल्या दाढांवर इतर मुलांच्या जवळजवळ दहापट वेळा उपचार झाल्याचं आढळलं. पुन्हापुन्हा भरायचं, पुन्हापुन्हा निघायचं, त्याचा हा हिशेब.

म्हणून पहिल्या भेटीत मशीन हातात घेतलं नाही. छोटा एक्स-रे काढला, नस सुरक्षित दिसली. दाढ हवेच्या फवाऱ्याने न वाळवता कापसाने टिपली, कारण नुसत्या हवेनेही अशा दाढेत कळ जाते आणि मूल पुन्हा तोंड उघडत नाही. मग ५ टक्के सोडियम फ्लोराइडचं व्हार्निश ब्रशने पातळ लावलं. यात २२,६०० पीपीएम फ्लोराइड असतं, म्हणून ते दवाखान्यातच लावतात, अगदी थोडं. त्या दिवशी कडक आणि गरम खाणं नाही, ब्रश दुसऱ्या दिवशी सकाळी. दर तीन महिन्यांनी पुन्हा.

घरचं काम यापेक्षा मोठं होतं. दुखतं म्हणून ती त्या बाजूला ब्रश नेत नव्हती, तिथे पांढरा थर साचत होता, आणि तो साचला की सच्छिद्र दाढेत खरी कीड शिरते. मऊ ब्रश, कोमट पाणी, वाटाण्याएवढी पेस्ट, आणि पाकिटावर १००० पीपीएम फ्लोराइड वाचून घ्यायचं; मुलांच्या बऱ्याच गोड पेस्टमध्ये ते कमी असतं किंवा नसतंच. नव्या दाढेची पातळी शेजारच्या दाढेपेक्षा खाली असते, म्हणून ब्रश नेहमीसारखा पुढे-मागे फिरवला तर तो तिला शिवतसुद्धा नाही. गालाकडून ब्रश आडवा घालून, दातांच्या रांगेला काटकोनात धरून एकटी ती दाढ घासायची. मुलगी बसलेली, आई तिच्या मागे उभी, एका बोटाने गाल ओढलेला. रात्री घासल्यावर थुंकायचं, पण चूळ भरायची नाही, आणि बोटावर थोडी पेस्ट घेऊन त्या दाढेवर टेकवून ठेवायची. दुधाच्या केसीनपासून केलेली कॅल्शियम-फॉस्फेटची पेस्टही मिळते, तिने काही मुलांची कळ कमी होते. दुधाच्या प्रथिनाची ॲलर्जी असेल तर ती नको.

दोन आठवड्यांनी ती डाव्या-उजव्या दोन्ही बाजूंनी ब्रश करू देऊ लागली, तेव्हा उजव्या दाढेवर ग्लास आयोनोमर सिमेंट बसवलं. दाढेच्या मागच्या भागावर अजून हिरडीचा पदर होता. अशा ओलसर जागी हे सिमेंट चालतं, रेझिनचं चालत नाही. ते कायमचं नाही. दाढ पूर्ण वर येईपर्यंत उरलेला भाग झाकून ठेवणं इतकंच त्याचं काम. डाव्या अखंड दाढेच्या खाचाही त्यानेच भरून टाकल्या.

चार महिन्यांनी उजवी दाढ पूर्ण वर आली. तिला स्टीलची तयार कॅप बसवली. आधी चार दिवस दाढेच्या फटीत रबराची बारीक रिंग ठेवली, म्हणजे जागा होते. मग रिंग काढून, न घासता, मापाची कॅप ग्लास आयोनोमर सिमेंटने दाबून बसवली. न घासल्यामुळे इंजेक्शन लागलं नाही, आणि याला फार महत्त्व आहे. या दाढांची नस सतत चिडलेली असल्याने बधिर करण्याचं औषध नीट चढत नाही. जिथे घासणं टाळता येत नाही तिथे डॉक्टर तासभर आधी वजनाप्रमाणे आयबुप्रोफेन द्यायला सांगतात. ते स्वतःहून देऊ नका. कॅप बसल्यावर पहिले काही दिवस चावा उंच लागतो, "तोंड मिटत नाही" म्हणून फोन येतो. काही आठवड्यांत ते आपोआप बसतं. स्टील दिसतं हे खरं, पण ते फक्त जांभई देताना. ही कॅप मूल मोठं होईपर्यंतची सोय आहे, पुढे वाढ पूर्ण झाली की चांगली कॅप करता येते.

एक निर्णय मात्र वयाला बांधलेला आहे. दाढ फारच ढासळली असेल आणि वाचवणं म्हणजे दर दोन वर्षांनी नवं काम असेल, तर ती काढून मागच्या दुसऱ्या दाढेला पुढे सरकू देता येतं. त्याची वेळ साधारण आठ ते दहा वर्षांची, जेव्हा एक्स-रेत दुसऱ्या दाढेच्या मुळांची फाट नुकती बनू लागलेली दिसते. खालच्या जबड्यात ही वेळ चुकली तर मागची दाढ कलते आणि फट राहते. त्या मुलीचा पूर्ण जबड्याचा एक्स-रे साडेआठव्या वर्षी काढला, ऑर्थोडॉन्टिस्टला दाखवला, आणि कॅप चांगली टिकून होती म्हणून दाढ ठेवली. तुमच्या मुलीबाबतही हा प्रश्न आठव्या वर्षी विचारा, बाराव्या नाही.

तोवर एवढं बघत राहा: गार गेल्यावरही कळ काही मिनिटं टिकते का, रात्री झोपेतून उठवते का, हिरडीवर पुळी येते का. यातलं एकही असेल तर नसेला सूज आहे, व्हार्निशची वाट बघायची नाही, त्याच आठवड्यात दाखवायचं.

आता धाकटा. खिडकीजवळ उजेडात त्याच्या दुधाच्या शेवटच्या, म्हणजे पाचव्या दाढा बघा. त्यांच्यावर असाच स्पष्ट कडेचा सायीचा किंवा पिवळा डाग असेल, तर कायमच्या दाढांवरही तो येण्याची शक्यता वाढते, कारण दोन्हींच्या इनॅमलचं काम काही काळ एकाच वेळी चालतं. डाग नसला म्हणजे नक्की सुटला असं नाही. पाच वर्षांचा झाला की महिन्यातून एकदा टॉर्च लावून पाचव्या दाढेच्या मागची हिरडी बघायची, आणि पांढरं टोक दिसलं की दाखवायला आणायचं, कोपरा उडण्याआधी.