ऑफर मागे घेतल्याचा मेल आला, रिप्लाय काय द्यावा?

प्रश्न: पुण्याच्या एका कंपनीची ऑफर अॅक्सेप्ट केली, इथल्या कंपनीत राजीनामा पण दिला. काल एचआरचा दोन ओळींचा मेल आला की ऑफर मागे घेतोय. कारण काहीच नाही. शिव्या घालून मेल टाकावा असं वाटतंय. नेमकं काय लिहू? (चिकोडी)

शिव्यांचा मेल मी पण टाइप केला होता, रात्री साडेअकराला, एमडीला सीसी टाकून. पाठवला नाही एवढंच. खालच्या मजल्यावरचा मित्र आला, "काय करूलास रे एवढ्या रात्री?" म्हणून फोन काढून घेतला आणि सकाळी दिला.

माझी गोष्ट अशी. मी उद्यमबागला एका मशीन शॉपमध्ये क्वालिटीला होतो, चार वर्षं. त्याआधी मच्छेकडच्या एका छोट्या फाउंड्रीत चौदा महिने. चाकणच्या एका कंपनीची ऑफर आली, मी मेलवर अॅक्सेप्ट केली, लगेच इथं तीस दिवसांची नोटीस दिली, आणि एकोणिसाव्या दिवशी तो मेल. "अंतर्गत कारणांमुळे ऑफर मागे घेत आहोत", एवढंच. तुमच्यासारखंच.

सगळ्यात आधी एक काम करा, रिप्लाय नंतर. ऑफर लेटर कंपनीच्या पोर्टलवर असेल तर आत्ता डाउनलोड करा, कारण ऑफर रद्द झाली की बऱ्याच ठिकाणी ते लॉगिन बंद होतं आणि मग तुमच्याकडं नुसती "ऑफर आली होती" ही आठवण उरते. ऑफर लेटर, तुमचा अॅक्सेप्ट केल्याचा मेल, राजीनाम्याचा मेल, मागे घेतल्याचा मेल, मेडिकलची पावती, सगळं एका फोल्डरमध्ये टाका. नुसते स्क्रीनशॉट नको, मेल आहे तसाच सेव्ह करा, तारीख वेळ दिसली पाहिजे.

दुसरं, त्याच दिवशी जुन्या कंपनीत जा. हे लोक लाजेखातर चार दिवस लांबवतात आणि तिथंच नुकसान होतं. तुम्ही अजून रिलीव्ह झाला नसाल तर राजीनामा मागे घ्यायला विचारता येतं, पण तुमच्या जागेवर दुसरा माणूस घ्यायच्या आत. मी सकाळी पहिल्या शिफ्टला मॅनेजरसाहेबांना गाठलं, खरं काय ते सांगितलं, ते म्हणाले "मेल टाक, मी बघतो". मी एका ओळीचा मेल टाकला की अमुक तारखेला दिलेला राजीनामा मागे घेत आहे, कृपया मंजुरी कळवावी. दोन दिवसांत झालं. पगारवाढ त्या वर्षी मिळाली नाही, ते सोडा.

आता रिप्लाय. मेल इंग्लिशमध्येच पाठवा, मी इथं मराठीत लिहितो म्हणजे टोन कळेल. मी साधारण असं लिहिलं होतं:

"नमस्कार मॅडम, आपला कालचा मेल मिळाला. मी 4 तारखेला ऑफर स्वीकारली होती आणि त्या भरवशावर 5 तारखेला सध्याच्या कंपनीत राजीनामा दिला आहे. पुढचं ठरवण्यासाठी मला चार गोष्टी कळणं गरजेचं आहे. ही पोस्टच रद्द झाली आहे, की माझ्या उमेदवारीत काही अडचण आली आहे? अडचण व्हेरिफिकेशनची असेल तर नेमकी कोणत्या कागदाची किंवा नोंदीची, म्हणजे मला खुलासा देता येईल. खुलासा दिल्यास निर्णयाचा फेरविचार होऊ शकतो का, किंवा आपल्या दुसऱ्या प्लांटला जागा आहे का? आणि आपल्या सूचनेनुसार केलेल्या मेडिकलचा खर्च मिळण्यासाठी बिल कुणाला पाठवू? शुक्रवारपर्यंत उत्तर मिळालं तर बरं होईल."

बस. यात राग नाही, रडगाणं नाही, "मी फार निराश झालो" वगैरे पण नाही. पहिल्या दोन ओळींत तारखा आहेत, कारण उद्या काही झालं तर तुम्ही त्यांच्या भरवशावर राजीनामा दिला हे त्यांच्याच मेलबॉक्समध्ये लिहिलेलं राहतं, आणि ते तुम्ही धमकी न देता लिहिलंय.

सगळ्यात महत्त्वाचा पहिला प्रश्न, पोस्ट गेली की मी अडकलो. लोक "कारण सांगा" एवढंच विचारतात आणि एचआर "बिझनेस रीझन" म्हणून मोकळी होते. दोन पर्याय समोर ठेवले की तिला एक निवडावा लागतो. पोस्टच गेली असेल, म्हणजे ऑर्डर पुढं ढकलली, भरती थांबवली, तर तुमच्या हातात काही नाही, दुसरीकडं अप्लाय करा. पण अडचण तुमच्या कागदात असेल आणि तुम्हाला माहीतच नसेल, तर पुढच्या कंपनीत पण हेच होणार आणि त्याच्या पुढच्या कंपनीत पण, आणि तुम्ही आपलं नशीब खराब म्हणून बसणार.

माझं तेच निघालं. शुक्रवारी उत्तर नाही आलं, सोमवारी एक आठवण टाकली, त्या वेळी इंटरव्ह्यू घेतलेल्या साहेबांना सीसी ठेवून (एमडीला नाही). संध्याकाळी एचआरचा फोन आला. फोनवर बोलतात, लिहून देत नाहीत, हे धरूनच चाला. म्हणाली, व्हेरिफिकेशन एजन्सीच्या रिपोर्टमध्ये तुम्ही एकाच वेळी दोन कंपन्यांत काम करताना दिसताय. मी चाटच पडलो. फोन ठेवल्यावर लगेच मेल टाकला, "आज फोनवर आपण सांगितलंत की पीएफच्या नोंदीत दोन नोकऱ्या एकाच वेळी दिसत आहेत, माझं समजणं बरोबर आहे ना?" तिनं "हो" एवढंच लिहिलं, पण ते लेखी आलं.

झालं काय होतं, मच्छेच्या फाउंड्रीनं मी सोडल्यावर पीएफमध्ये माझी नोकरी सोडल्याची तारीख टाकलीच नव्हती. पैसे भरणं बंद, पण नोंद उघडीच. म्हणजे कागदावर मी गेली चार वर्षं फाउंड्रीत पण आणि उद्यमबागला पण. छोट्या युनिटमध्ये हे खूप चालतं, अकाउंटंट बदलला की राहून जातं. तुम्ही आधी कुठं काम केलं असेल तर ईपीएफओच्या मेंबर पोर्टलवर यूएएननं लॉगिन करा आणि `View` मध्ये `Service History` उघडा. प्रत्येक जुन्या कंपनीसमोर सोडल्याची तारीख दिसली पाहिजे. नसेल तर आधी त्या कंपनीला सांगा. ते ऐकत नसतील तर शेवटचे पैसे भरून दोन महिने झाल्यावर आपल्यालाच `Manage` मध्ये `Mark Exit` करता येतं, आधारला जोडलेल्या मोबाइलवर ओटीपी येतो. तारीख शेवटचे पैसे ज्या महिन्याचे भरलेत त्या महिन्यातलीच टाकावी लागते आणि एकदा टाकली की सहज बदलता येत नाही, म्हणून आधी पासबुक उघडून तो महिना बघा, रिलीव्हिंग लेटरशी जुळवा, मग बटन दाबा. मला फाउंड्रीच्या चकरा मारायला एक शनिवार गेला आणि पोर्टलवर दहा मिनिटं.

आपल्या भागात अजून एक घोळ होतो तो नावाचा. एसएसएलसीच्या मार्क्स कार्डवर नाव एका क्रमानं, आधारवर दुसऱ्या, पॅनवर आडनाव पुढं, कुठं वडिलांच्या नावाचं नुसतं आद्याक्षर. गावाचं पण तसंच, 1 नोव्हेंबर 2014 च्या आधीच्या कागदांवर बेळगावचं इंग्रजी स्पेलिंग वेगळं आणि नंतरच्यांवर बेळगावी, पुण्यातल्या एजन्सीच्या पोराला ही दोन वेगळी शहरं वाटू शकतात. नुसत्या स्पेलिंगवरून ऑफर जात नाही सहसा, खुलासा मागतात, पण तो मेल स्पॅममध्ये गेला आणि तुम्ही उत्तर दिलं नाही तर जाते. स्पॅम बघा एकदा.

मला चाकणची नोकरी मिळाली का? नाही. मी दुरुस्ती करून रिलीव्हिंग लेटर आणि नवीन नोंदीचा स्क्रीनशॉट पाठवला तोवर त्यांनी दुसऱ्या कॅंडिडेटला घेतलं होतं. मेडिकलचे अठराशे दिले, कारण ते त्यांनीच करायला लावलं होतं. पीजीचा पाच हजार अॅडव्हान्स मात्र "तुमचा निर्णय" म्हणून नाही दिला, पीजीवाल्या काकांनीच तीन परत केले. सात महिन्यांनी दुसऱ्या ठिकाणी लागलो तेव्हा व्हेरिफिकेशन सरळ निघालं.

केस करू का हा प्रश्न मनात असणारच. 1872 च्या कॉन्ट्रॅक्ट अॅक्टच्या कलम 5 प्रमाणं प्रपोजल मागे घ्यायचं ते समोरच्यानं स्वीकारायच्या आत, तुम्ही अॅक्सेप्ट करून मेल पाठवल्यावर नाही. ऐकायला भारी वाटतं. पण तुमचं ऑफर लेटर शेवटपर्यंत वाचा, बहुतेकांत "व्हेरिफिकेशन समाधानकारक असल्यास" अशी अट असते, ती अट मोडली म्हटल्यावर तुमची बाजू पातळ होते. आणि कोर्ट "या माणसाला नोकरीवर घ्याच" असं खाजगी कंपनीला सहसा सांगत नाही, मिळाली तर नुकसानभरपाई, ती पण पुराव्यानं दाखवता येईल एवढी. त्यात लेटरमध्ये पुणे कोर्टाची अट असली की तारखेला चिकोडीहून पुणे. मी हिशोब घातला आणि सोडून दिलं. तुम्ही राजीनामा देऊन रिलीव्ह झाला असाल, दोन तीन महिने घरी बसावं लागलं असेल आणि पोस्ट कंपनीनंच विनाअट ऑफर देऊन रद्द केली असेल तर गोष्ट वेगळी, तेव्हा वकिलाला सगळा फोल्डर दाखवा, मुदत साधारण तीन वर्षांची असते, घाई नाही.

लिंक्डइनवर कंपनीचं नाव घेऊन पोस्ट टाकायची असेल तर निदान उत्तर येईपर्यंत थांबा, नाहीतर एचआर तुमचा मेल लीगलला फॉरवर्ड करते आणि मग कारण कधीच कळत नाही.

उद्या सकाळी मॅनेजर, मग अकराच्या आत मेल. आणि आज रात्री `Service History` बघून काय दिसतं ते खाली टाका, तारीख रिकामी असेल तर पुढं काय ते सांगतो.